‘लगेच मिळेल गं!’ हे कुणाच्या जिवावर?

*ताई, माझी मैत्रीण आणि मी हर्णैच्या शाळेत एका बाकावर होतो. आता दोघीही चिपळुणात. लोट्याच्या एका कंपनीत ती अकरा वर्षं लॅबमध्ये होती. जुलैच्या सुरुवातीला तिचा प्लांट बंद केला आणि तिच्यासकट काही जणांना कमी केलं. हे मला तिने नाही, भाजी घेताना तिच्या जावेने सांगितलं. बारा दिवस झाले, मी मेसेज लिहितेय आणि पुसतेय. २०२१ च्या पुरानंतर ती रजा टाकून दोन दिवस आमच्या घरातला चिखल काढत होती, म्हणून जास्तच अपराधी वाटतं. शेवटी लिहिलेला मेसेज असा:*

*‘अगं, तुझी नोकरी गेल्याचं कळलं. खूप वाईट वाटलं. पण जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. पावसात होड्या शाकारून ठेवतात ना, तशी ही तुझी विश्रांती समज. तू इतकी हुशार आहेस, लगेच मिळेल गं! तोवर मुलाला वेळ दे. काही लागलं तर हक्काने सांग.’*

*हा पाठवू का? की ती स्वतः सांगेपर्यंत गप्प राहू? तिला कीव वाटायला नको, आणि खोटं हसू आणायला मलाही जमत नाही. आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची एक तात्पुरती जागा निघाली आहे, पगार तिच्या निम्म्याहून कमी. ते सांगावं का?*

*– एक मैत्रीण, चिपळूण*

---

बारा दिवस पुसत राहिलात हे बरंच केलंत. पहिल्याच दिवशी हा मेसेज गेला असता तर तिने उत्तरात दोन जोडलेले हात पाठवले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण आता पुसणं थांबवा. गप्प राहणं म्हणजे तिचा मान राखणं, असं तुम्ही धरून चाललात. तिथे मला शंका आहे. जाऊबाईंनी भाजीच्या गाडीवर सांगितलं, म्हणजे आणखी चार गाड्यांवर सांगितलं असणार. चिपळूण केवढं आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि तिलाही. बारा दिवस तुमचा फोन नाही, तर ‘हिला अजून कळलं नसेल’ असं ती समजणार नाही. ‘कळलंय आणि टाळतेय’ असंच समजेल. नोकरी सुटलेल्या माणसाला दिवसभर वेळ असतो आणि त्या वेळात तो कोणाचा फोन आला, कोणाचा नाही हे मोजत बसतो. मी स्वतः मोजलेले आहेत, म्हणून सांगते.

तेव्हा कळलंय हे सरळ सांगा. कोणाकडून कळलं हे मेसेजमध्ये नको, त्यांच्या घरात उगाच भांडी वाजायची. तिने विचारलंच तर मात्र खरं सांगा.

आता मेसेज. पहिलाच शब्द घ्या: नोकरी ‘गेल्याचं’. आपल्या भाषेत माणूस वारला तरी आपण ‘गेला’ म्हणतो. ‘कळलं, वाईट वाटलं’ याच्या शेजारी हा शब्द बसला की मेसेज सांत्वनाचा होतो आणि तो वाचणारी आपोआप सुतकात जाऊन बसते. कीव तिथून शिरते. नुसतं ‘वाईट वाटलं’ म्हटल्याने काही बिघडत नाही, ते खरंच आहे आणि एकदा म्हणायलाच हवं. पण नोकरीला लावायची क्रियापदं आपल्याकडे बरीच आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘सोडली’ म्हटलं की तिने ठरवून सोडली. ‘सुटली’ म्हटलं की कोणाचाच दोष नाही. ‘काढलं’ म्हटलं की दुसऱ्याने केलं. ‘कमी केलं’ हा कंपनीचा शब्द, नोटिशीतला. यातला कुठला ती स्वतःसाठी वापरते ते तुम्हाला अजून माहीत नाही. तर तुम्ही निवडू नका. ‘कंपनीचं कळलं’ एवढंच लिहा. ती बोलेल तेव्हा तिचा शब्द कान देऊन ऐका आणि पुढे तोच वापरा. ती ‘ब्रेक घेतलाय’ म्हणाली तर तुमच्यासाठीही तो ब्रेकच. ती ‘हाकललं मला’ म्हणाली तर ‘असं नको गं म्हणूस’ म्हणायला जाऊ नका. तिला राग आलाय आणि त्याचा तिला हक्क आहे.

होड्यांचं वाक्य तुम्हाला आवडलेलं दिसतं. मलाही क्षणभर आवडलं. पण तुमची मैत्रीण हर्णैची आहे हो! मासेमारीची बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते, हे तिथल्या पोरालाही पाठ असतं. झापं टाकून होडी शाकारणाऱ्याला ती कोणत्या तारखेला उघडायची हे ठाऊक असतं. तो त्या दोन महिन्यांत जाळी विणतो, इंजिन खोलतो, आणि होडी त्याचीच असते. तुमच्या मैत्रिणीला तारीख कोणी दिलेली नाही. तिची सगळी काळजी त्या तारखेचीच आहे. तारीख माहीत नसलेल्या माणसाला विश्रांती म्हणजे काय ते कळत नाही. तो झोपला तरी हिशेब करत झोपतो. खोटा दिलासा म्हणतात तो बहुतेक वेळा असाच सुंदर उपमा घेऊन येतो, म्हणून लिहिणाऱ्याला ओळखू येत नाही. समुद्रकाठच्या माणसाला तर पटकन येतो: भरती-ओहोटी, वादळ, दीपगृह, काय हवं ते काठावर तयारच असतं. सगळं वगळा.

‘लगेच मिळेल गं’ हे मला या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य वाटतं, आणि तेच सगळ्यात प्रेमाने लिहिलेलं आहे. समजा, नोव्हेंबरपर्यंत काही जमलं नाही. मग ती तुम्हाला टाळायला लागेल. तुम्ही ‘इतकी हुशार, लगेच मिळेल’ म्हणाला होतात, मिळाली नाही, म्हणजे हुशारीतच काही कमी असणार. तुमच्या वाक्याचं गणित ती असंच पूर्ण करणार. लोट्याला कोणत्या कंपनीत कधी जागा निघेल हे तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. मग हमी कोणाच्या जिवावर द्यायची? ‘चांगल्यासाठीच होतं’ तेही त्याच जातीचं. दहा वर्षांनी तिने स्वतः म्हटलं तर शोभेल, आज दुसऱ्याने म्हणू नये.

आणि ‘मुलाला वेळ दे’. हे तुम्ही सहज लिहिलंत, मला कल्पना आहे. तिचा नवरा असता आणि त्याचा प्लांट बंद झाला असता, तर त्याला लिहिलं असतंत का? बाईची नोकरी सुटली की सासर-माहेर-शेजार सगळीकडून एकच सूर येतो: बरं झालं, आता घराकडे बघता येईल, नाहीतरी नवरा कमावतोय. जणू अकरा वर्षं ती हौसेने कंपनीच्या बसमध्ये चढत होती. या बारा दिवसांत हे वाक्य तिने किमान पाच-सहा जणींकडून ऐकलं असेल. तुम्ही सातव्या होऊ नका. हे न म्हणणारी एक तरी मैत्रीण असणं, हेच तिला सध्या बरंच मोठं आहे.

राहिलं ‘काही लागलं तर हक्काने सांग’. इथे मला तुमच्याच पत्रातली गोष्ट तुम्हाला परत द्यायची आहे. २२ जुलैला पाणी चढलं, चिखल आत आला. तेव्हा ती तुम्हाला ‘काही लागलं तर सांग’ म्हणाली होती का? मला नाही वाटत. ती रजा टाकून आली आणि फावड्याला हात घातला. तिने तुम्हाला मागायला लावलं नाही. नोकरी सुटलेल्या माणसाला मागणं सगळ्यात जड जातं, कारण आपण एकदम घेणाऱ्यांच्या रांगेत आलो की काय हीच धास्ती असते. तेव्हा सांगण्याचं काम तिच्यावर टाकू नका. तुम्हाला जमणारी एक लहान गोष्ट तुम्हीच नेमकी ठरवा, वार आणि वेळेसकट, आणि नाही म्हणायला सोपी ठेवा. ‘शनिवारी चारनंतर मी मोकळी आहे, येऊ का?’ यात ती ‘नको, रविवारी ये’ म्हणू शकते. ‘काही लागलं तर’ याला ती फक्त ‘हो’ म्हणू शकते आणि मग कधीच सांगणार नाही.

मग लिहायचं काय? माझं मत असं की शुभेच्छा बिघडतात त्या पुढच्या काळाबद्दल बोलायला गेल्यामुळे. पुढचं कोणालाच माहीत नसतं, म्हणून तिथे एकतर नवस होतो नाहीतर थाप. मागचं मात्र तुम्हाला माहीत आहे आणि ते तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. माझी एका कार्यालयातली नोकरी सुटली तेव्हा ‘सगळं नीट होईल’ म्हणणारे पुष्कळ भेटले, एकाचाही चेहरा आज आठवत नाही. तिथल्या एका कारकुनाची चिठ्ठी आठवते. त्याने लिहिलं होतं, ‘मॅडम, तुम्ही लावलेला फायलींचा क्रम आम्ही बदलला नाही. परवा ऑडिटवाल्यांनी जुना कागद मागितला, पाच मिनिटांत सापडला.’ शुभेच्छेचा एक शब्द नव्हता त्यात. मी ती चिठ्ठी तीन महिने पर्समध्ये ठेवली होती.

तुम्हाला अशी साक्ष द्यायची आहे. ‘तू हुशार आहेस’ हा शेरा झाला, तो कोणीही मारेल. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगा. ती चिखलात दोन दिवस नेमकं काय करत होती, हे तुम्हाला आठवत असेलच. मी उदाहरण म्हणून भिजलेले कागद धरते. तुमच्याकडे खरी आठवण असेल ती घाला. मग मेसेज साधारण असा होईल:

‘अगं, कंपनीचं कळलं. वाईट वाटलं आणि रागही आला. काय लिहू ते सुचेना म्हणून इतके दिवस गप्प राहिले, चुकलं माझं. सारखी पुराची आठवण येतेय. आम्ही सगळे रडत बसलो होतो आणि तू आमचे भिजलेले कागद एकेक पान सुटं करून, कुठलं कशाचं ते लिहून दोरीवर लावत होतीस. इतकं धीराचं आणि नेटकं काम करणारं मी दुसरं कोणी बघितलेलं नाही. शनिवारी चारनंतर मी मोकळी आहे. मी येऊ, की तू येतेस, की नुसतंच फोनवर? या विषयावर बोलायलाच हवं असं काही नाही. उत्तराची घाई नाही.’

यात ‘धीर सोडू नकोस’ नाही, हे लक्षात आलं असेल. सोडू नकोस म्हटलं की तिने सोडलाय असं आपणच ठरवून टाकतो. ‘चुकलं माझं’ आहे, पण एकदाच. त्यावर जास्त लिहाल तर तुमचीच समजूत काढायचं काम तिच्याकडे जाईल. आणि ‘रागही आला’ हे खरं असेल तरच ठेवा.

आठवण निवडताना एक पथ्य आहे. तिच्या कामाची, हाताची, नजरेची आठवण घ्या. तिच्या त्यागाची नको. ‘तू सगळ्यांसाठी किती केलंस आणि तुझ्यावर ही वेळ’ असं लिहिलं की मागल्या दाराने पुन्हा कीव आली.

पाठवायचा सकाळी अकरानंतर. कंपनीची बस नाक्यावर येते ती वेळ टाळा. पहिले काही आठवडे त्या वेळी माणूस आपोआप जागा होतो आणि कुठे जायचं नाही हे आठवून परत पडतो. रात्री उशिरा तर नकोच, मग झोप जाते. शाळेच्या ग्रुपवर चुकूनही नको. तिथे एकीने लिहिलं की पंचवीस जणी हात जोडतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी पाय मोडलेल्या चिमणीची गोष्ट पाठवते.

उत्तरावरून कळतं मेसेज कुठे पोचला ते. ‘थँक्यू गं, होईल सगळं नीट’ असं आलं तर समजा की तीच तुम्हाला धीर देतेय, म्हणजे आपल्याकडून काहीतरी जड गेलं. पुन्हा स्पष्टीकरण देऊ नका, शनिवारी जा फक्त. तिने एखादी नवी गोष्ट सांगितली, अगदी ‘अजून पत्र दिलेलं नाही त्यांनी’ एवढीच, तर दार उघडं आहे. ‘बरंच झालं, कंटाळलेच होते’ म्हणाली तर खोडू नका आणि टाळीही देऊ नका, ‘असं?’ म्हणा आणि थांबा. आणि काहीच आलं नाही, तर आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग नोकरीचा उल्लेखही नसलेलं काही पाठवा, हर्णैच्या बंदरावरचा फोटो, नाहीतर ‘तुझ्या आईच्या सोलकढीत लसूण असायचा का गं?’ तुमच्या दृष्टीने ती अजून तीच आहे, हे अशा फालतू प्रश्नातून जास्त पोचतं.

शाळेतली जागा पहिल्या मेसेजमध्ये अजिबात नको. सांत्वनाला चिकटून आलेली निम्म्या पगाराची नोकरी म्हणजे ‘तुझी किंमत आता एवढी’ असं ऐकू येतं. पण लपवूही नका. तिला परवडेल की नाही हे तिच्या वतीने तुम्ही ठरवणं, हासुद्धा कीवेचाच प्रकार आहे. भेट झाल्यावर, वेगळ्या दिवशी, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखं कोरडं सांगा: पद हे, पगार इतका, मुदत इतकी, अर्जाची शेवटची तारीख ही. ‘तू करावंस असं म्हणत नाही, माहीत असावं म्हणून.’ पुन्हा विचारू नका. आणि तिला न विचारता मुख्याध्यापकांकडे तिचं नाव टाकून ठेवू नका. हा मोह आपल्याकडे फार असतो.

तिने स्वतःहून कागदपत्रांचा विषय काढला, तर मात्र शुभेच्छांपेक्षा एक आकडा उपयोगी पडेल. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळते, त्याला कमी केलं असलं तरीही. ढोबळ हिशेब सोपा आहे: ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. तो पगार २४,००० रुपये असेल तर अकरा वर्षांचे साधारण १ लाख ५२ हजार होतात. ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. हा हिशेब तुम्ही तिच्यासमोर करून दाखवू नका. ती लॅबमधली आहे, तिला भागाकार येतो. फक्त ‘ग्रॅच्युइटीचा हिशेब दिला का त्यांनी?’ एवढं विचारा. आणि कंपनीने तिच्याकडून राजीनामा लिहून मागितला असेल, तर सही करण्याआधी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात किंवा जाणत्या वकिलाकडे विचारून घे म्हणा, कारण कमी करणं आणि राजीनामा देणं यात मिळणाऱ्या पैशांचा फरक पडू शकतो. तिथे सोबत जायची तयारी दाखवलीत, तर ती तुमची खरी शनिवारची भेट ठरेल.

एका गोष्टीत माझं हे सगळं शब्दांचं गणित बाजूला ठेवा. ती जेवत नसेल, रात्र-रात्र जागत असेल, किंवा ‘माझा काही उपयोगच नाही, मी नसलेलीच बरी’ अशी भाषा येत असेल, तर मेसेज लिहीत बसू नका, घरी जा. तिच्याजवळ बसा, तिच्या नवऱ्याला किंवा आईला सांगा, आणि १४४१६ वर फोन लावून द्या. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मराठीतही बोलतात.

बाकीच्यांसाठी, ज्यांनी पत्र लिहिलं नाही पण ज्यांचा मेसेज असाच खोळंबलाय: पहिला आठवडा सगळेच फोन करतात. दीड महिन्याने फोन शांत होतो, आणि तेव्हा तिच्याकडे सांगायला नवीन काही नसतं, म्हणून तीही कोणाला करत नाही. त्या वेळचा एक मेसेज पहिल्या दिवसाच्या दहांच्या बरोबरीचा. त्यात ‘काही झालं का?’ नको. ‘झालं नाही’ हे पुन्हा एकदा सांगायला लावणारा प्रश्न आहे तो. ‘उद्या बाजारात जातेय, येतेस?’ पुरे.

तुमच्या बाबतीत हा दीड महिना गणपतीच्या आसपास येईल. घरोघरी जाणं-येणं, मुंबईहून आलेले दीर-नणंदा, आणि आरती संपल्यावर प्रसाद हातात घेतानाच कोणीतरी विचारणार, ‘काय गं, सुट्टी काढलीस वाटतं यंदा?’ त्या वेळी तुम्ही शेजारी असाल, तर तिच्या वतीने उत्तर देऊ नका आणि विषय बदलायची घाईही करू नका. आदल्या दिवशीच तिला विचारून ठेवा: ‘कोणी विचारलं तर मी काय म्हणू?’ ती सांगेल ते पाठ करून ठेवा. ‘काही नको म्हणूस, माझं मी बघीन’ असं म्हणाली, तर ते पाठ करा.